बाकावरचा स्पीकर, तिसऱ्या मजल्यावरची खिडकी

गणपतीच्या कार्यक्रमांच्या तालमी सुरू होण्याआधीच्या रविवारी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत सेक्रेटरींनी गार्डनमध्येच सगळ्यांना बोलावलं. विषय एकच होता, ब्लूटूथ स्पीकर. सकाळी योगवर्गाचा स्पीकर असतो. संध्याकाळी मुलांच्या नाचाचा असतो, रात्री जेवणानंतर बाकावर बसणाऱ्यांचा असतो, शिवाय मधूनमधून वाढदिवस. तक्रारी साठत होत्या, पण लेखी कुणीच देत नव्हतं. लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटल्या की हळू आवाजात सांगून लोक मोकळे होत.

ध्वनिव्यवस्थेची कामं माझ्याकडे असतात. त्यामुळे त्यांनी आदल्या दिवशी मला गार्डनमध्ये बोलावून घेतलं आणि आम्ही स्पीकर लावून, फोनवर आवाज मोजून पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्या जेमतेम तीन मिनिटं बोलल्या. सोसायट्यांमधली बोलणी मी पुष्कळ ऐकली आहेत आणि ती बहुतेक 'जरा दुसऱ्यांचा विचार करा' इथेच थांबतात. दुसऱ्यांचा विचार म्हणजे नेमकं काय करायचं, हे या बोलण्यात होतं. ते मला इतकं मोलाचं वाटलं की आधी पूर्ण देतो आणि मग त्यामागची कारणं सांगतो.

"नमस्कार. गार्डनमधल्या स्पीकरबद्दल माझ्याकडे तक्रारी आल्यात. कुणाच्या, ते मी सांगणार नाही आणि कुणी शोधतही बसू नये. गाणी लावणारे आपलेच आहेत, तक्रार करणारेही आपलेच. योग, मुलांचा नाच, जुनी गाणी, यातलं काहीही बंद करायला मी आलेली नाही. गार्डन त्यासाठीच आहे.

पण बाकावर बसून जो आवाज बेताचा वाटतो, तो समोरच्या खिडकीत बेताचा असतोच असं नाही. तिन्ही विंगच्या बेडरूम गार्डनकडे उघडतात. तिथे कुणी रात्रपाळी करून झोपलेलं असतं, कुणाचं तान्हं बाळ असतं, कुणी आजारी असतं, कुणाची बारावी असते. आपल्याला गाणं नको झालं तर आपण उठून घरी जातो. ते घरीच आहेत, त्यांनी कुठे जायचं?

म्हणून एवढं करू या. स्पीकर भिंतीला किंवा कोपऱ्याला लावून ठेवायचा नाही, ऐकणाऱ्यांच्या मधोमध ठेवायचा. शेजारच्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलता आलं पाहिजे, इतपतच आवाज. बेसचं बटण असेल तर ते बंद. गाणं लावलं की एकाने वर जाऊन खिडकीत उभं राहून ऐकायचं. तिथे गाण्याचे शब्द कळत असतील तर आवाज कमी करायचा. कुणी फोन करून सांगितलं तर 'किती कमी करू?' एवढंच विचारायचं. कोण, का, कशाला, हे नाही.

आता वेळा. रात्री दहा ते सकाळी सहा हा कायदा आहे, त्यावर आपण मत घेऊ शकत नाही. त्याशिवाय सकाळी सातच्या आधी, दुपारी दोन ते चार आणि रात्री साडेनऊनंतर स्पीकर नको, असं कमिटीला वाटतं. हा माझा हुकूम नाही. सर्वसाधारण सभेत ठराव ठेवू, तिथे प्रत्येकाने बोलावं. मुलांना एक सांगते, तालमीसाठी संध्याकाळी सहा ते साडेसात गार्डन तुमचं. तेवढा वेळ कुणी तुम्हाला हटकणार नाही, हे माझ्याकडे लागलं. धन्यवाद."

यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य बाकाचं आणि खिडकीचं आहे, आणि ते आदल्या दिवशीच्या मोजणीतून आलं होतं.

उघड्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. स्पीकरपासून एक मीटरवर ८० डेसिबल भरत असतील, तर दोन मीटरवर ७४ भरतात, चारवर ६८, आठवर ६२ आणि सोळावर ५६. हाताएवढा स्पीकर अर्ध्याहून थोडा पुढे सरकवला की एक मीटरवर ८० डेसिबल सहज देतो. आमच्या मधल्या बाकापासून समोरची विंग बारा मीटरवर आहे आणि तिसऱ्या मजल्याची खिडकी स्पीकरपेक्षा जवळपास दहा मीटर उंच. तिरकं अंतर सोळा मीटरच्या आसपास येतं. हिशोबाने तिथे ५६ डेसिबल मिळायला हवेत. पण हा हिशोब मोकळ्या मैदानाचा आहे. आमच्या गार्डनला तीन बाजूंनी इमारती आहेत. त्यांच्या भिंतींवर आपटून परतणारा आवाज सरळ आलेल्या आवाजात मिसळतो आणि दोन-तीन डेसिबल वाढतात. आम्ही वर जाऊन मोजलं तेव्हा आकडा ५९च्या आगेमागे हलत होता.

आपण शेजारच्या माणसाशी एका मीटरवरून बोलतो तो आवाज साधारण ६० डेसिबलचा असतो. म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाच्या खिडकीत कुणीतरी उभं राहून सतत बोलत असावं, इतका तो आवाज होता. बाकावर बसलेल्यांना याची जाणीव होणं शक्यच नसतं. गप्पा सुरू झाल्या की त्यांचे कान त्या आवाजाला सरावतात. आणखी एक गोष्ट घडते. भोवती आवाज असला की माणूस नकळत चढ्या आवाजात बोलतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लोम्बार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी हे नोंदवलं आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. गाणं चालू असताना गप्पा चढतात, गप्पांत गाणं ऐकू येईनासं होतं, मग कुणीतरी स्पीकर वाढवतो. अर्ध्या तासात दोन्ही कुठल्या कुठे पोचलेले असतात आणि कुणी मुद्दाम काही केलेलं नसतं.

आता तोच स्पीकर एक मीटरवर ६५ डेसिबल इतका ठेवला तर? दोन मीटरच्या घोळक्यात प्रत्येकाला ५९च्या वर ऐकू येतं. संध्याकाळी शांत बसून जुनी गाणी ऐकायला तेवढं पुरतं. खिडकीपर्यंत जाताना २४ उतरतात, भिंतींमुळे तीनेक वाढतात, आणि वर ४४ पोचतात. पुण्यात संध्याकाळी रस्त्याचा, पंख्यांचा, कुकरच्या शिट्ट्यांचा मिळून जो आवाज एरवीच असतो, त्यात ४४ विरून जातात. शेजाऱ्याशी नेहमीच्या आवाजात बोलता आलं पाहिजे, ही खूण म्हणूनच कामाची आहे. मीटर नसला तरी तोंडाने बोलून ती तपासता येते.

सकाळी मात्र हाच हिशोब बदलतो. सहा-साडेसहाला भोवती रहदारी नसते, म्हणून संध्याकाळी विरून जाणारा तेवढाच आवाज पहाटे ठळक उठून येतो. योगवर्गाला सात वाजेपर्यंत थांबायला सांगण्यामागे हे कारण होतं. वर्गातल्या मंडळींना ते आधी पटलं नाही. आम्ही तर संध्याकाळच्या मुलांपेक्षा किती हळू लावतो, असं त्यांचं म्हणणं होतं आणि ते खरंही होतं. पण त्रास आवाजाच्या एकट्या आकड्यावर ठरत नाही. भोवतालच्या शांततेपेक्षा तो किती वर आहे, यावर ठरतो.

योगवर्गाची खरी अडचण दुसरीच होती. स्पीकर एका टोकाला चबुतऱ्यावर असायचा आणि शेवटची रांग आठ मीटरवर. मागच्यांना सूचना नीट कळाव्यात, म्हणजे त्यांच्यापर्यंत ६० डेसिबल पोचावेत, तर स्पीकरजवळ ७८ लागतात. तोच स्पीकर वर्गाच्या मधोमध ठेवला तर सगळ्यात लांबचा माणूस चार मीटरवर येतो आणि ७२ पुरतात. कुणाचंही ऐकणं कमी न होता खिडकीतले ६ डेसिबल तिथल्या तिथे उतरतात. वर्ग मोठा असेल तर दोन लहान स्पीकर जोडून दोन ठिकाणी हळू ठेवणं हे एका मोठ्या स्पीकरपेक्षा चांगलं. दोन स्पीकर म्हणजे दुप्पट त्रास असा समज असतो, पण एकसारखे दोन आवाज मिळाले की ३ डेसिबलच वाढतात, आणि प्रत्येकाला ऐकणारा जवळ मिळाल्यामुळे दोन्ही त्याहून कितीतरी खाली ठेवता येतात. लोक चुकतात ते दोन स्पीकर शेजारी-शेजारी ठेवून दोन्ही वाढवण्यात.

झाडांचा भरवसा धरू नये. आमच्याकडे कडेने मेंदीचं कुंपण आहे, मधे बकुळ आहे, आणि 'झाडं आवाज अडवतात' असं बऱ्याच जणांना वाटतं. काही मीटर जाडीच्या झाडीने आवाजात फारसा फरक पडत नाही. त्यासाठी दाट, रुंद पट्टा लागतो, तो सोसायटीच्या बागेत नसतो. शिवाय तिसऱ्या मजल्याची खिडकी कुंपणाच्या वरून थेट स्पीकरकडे बघत असते. तळमजल्याच्या घराला निदान कुंपणाची, मोटारींची काही आड मिळते. वरच्याला तीही नाही. त्यामुळे 'आम्ही खालचे असून आम्हाला त्रास नाही, तुम्हाला वर कसा होतो?' या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे. वरच्यांना खरोखरच जास्त ऐकू येतं.

भिंत आणि कोपरा यांचा संबंध बेसशी आहे. ढोलक, तबल्याचा डग्गा, डान्सच्या गाण्यातला ठोका हे खालच्या पट्टीतले आवाज स्पीकरमधून सगळीकडे पसरतात. स्पीकरचं तोंड कुठे आहे याने त्यांना फरक पडत नाही. स्पीकर भिंतीला टेकवला की मागे जाणारा बेस परतून पुढच्यात मिसळतो आणि वाढतो. कोपऱ्यात दोन भिंती आणि जमीन मिळून आणखी वाढतो. आमच्या मुलांची आवडती जागा नेमकी पार्किंगच्या खांबांशेजारचा कोपरा होती, कारण तिथे 'आवाज भारी येतो'. त्यांचं निरीक्षण अचूक होतं. पण तिथला ठोका पार्किंगच्या काँक्रीटच्या छताखाली घुमून वर चढत होता.

बेस खिडकीच्या काचेने फारसा अडत नाही. सरकती खिडकी लावून घेतली की गायकाचा आवाज, बासरी, सतार बरीच दबते. ठोका तसाच आत येतो. म्हणून खिडकी बंद करून बसलेल्या माणसाला गाणं ऐकू येत नाही, फक्त धप्‌-धप्‌ ऐकू येतं, आणि ते पूर्ण गाण्यापेक्षा जास्त छळतं. 'खिडकी लावून घ्या ना' हे उत्तर म्हणूनच निरुपयोगी आहे. त्यातही फोनवरचं आवाज मोजायचं अ‍ॅप किंवा कायद्यातलं माप बहुधा माणसाच्या कानाच्या धर्तीवर खालच्या पट्टीला कमी वजन देतं. आकडा ५० दिसतो आणि छातीत ठोका जाणवतो, असं होऊ शकतं. त्या वेळी आकड्यापेक्षा तक्रार करणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. बेसचं बटण बंद करणं, ते नसेल तर फोनच्या इक्वलायझरमध्ये डावीकडच्या पट्ट्या खाली ओढणं, हा आवाज कमी करण्याइतकाच परिणामकारक उपाय आहे आणि नाचणाऱ्यांची मजाही त्यात फारशी जात नाही.

आवाज कमी करण्यातही एक लहानशी गोम आहे. काही फोन आणि स्पीकर जोडले की दोन्हींचा आवाज एकत्र चालतो. काहींत फोनचा वेगळा राहतो आणि स्पीकरचा वेगळा. दुसऱ्या प्रकारात एकाने फोनवर निम्मा करून ठेवलेला असतो, मग दुसऱ्याचा फोन जोडला जातो, तो पूर्ण वर असतो, आणि पहिलंच गाणं दणकन वाजतं. स्पीकरचा आवाज आधीच बेतात ठेवला आणि नवा फोन जोडताना तो खाली घेऊन मग हळूहळू वाढवला, तर हा प्रकार टळतो. आमच्याकडच्या निम्म्या तक्रारी सलग आवाजाच्या नव्हत्याच, या अचानक दणक्यांच्या होत्या.

खिडकीत उभं राहून शब्द कळतात का ते पाहायचं, ही चाचणी मी सुचवली होती. कारण असं की न कळणाऱ्या गुणगुणीकडे मन दुर्लक्ष करू शकतं, पण कळणाऱ्या शब्दांकडे ते ओढलं जातं. अभ्यास करणाऱ्या मुलाला किंवा फोनवर ऑफिसचं काम करणाऱ्याला ओळखीचं गाणं जास्त त्रास देतं, ते याचमुळे. वर जाणारा माणूस स्वतः गाणं लावणाऱ्यांपैकीच हवा. तक्रार करणाऱ्याने खाली येऊन सांगण्यापेक्षा लावणाऱ्याने वर जाऊन ऐकणं कितीतरी सोपं जातं. आमच्या मुलांनी ते लगेच उचललं. एक जण जिन्यातल्या खिडकीशी उभा राहतो आणि खाली हाताने खुणा करतो.

कायद्याबद्दल सेक्रेटरी एकाच वाक्यात बोलल्या, ते मला योग्य वाटलं. पण वाचकांनी थोडं अधिक माहीत करून घ्यावं. ध्वनिप्रदूषण नियम, २०००, यांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आणि रात्रीची ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे १० ते ६. या वेळात ध्वनिक्षेपकच नव्हे, तर आवाज करणारं कुठलंही साधन बंदिस्त जागेबाहेर वाजवायला मनाई आहे. हातात मावणारा ब्लूटूथ स्पीकरही त्यात येतो. सणांसाठी सरकार वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, पण ते दिवस सरकार ठरवतं, सोसायटीची कमिटी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५च्या निकालात म्हटलं की बोलण्याचं स्वातंत्र्य सगळ्यांना आहे, पण ज्याला ऐकायचं नाही त्याला ऐकायला भाग पाडण्याचा हक्क कुणालाच नाही.

दिवसाच्या बाबतीत मात्र कायदा सोसायटीच्या गार्डनला तोकडा पडतो. दिवसाची ५५ ही मर्यादा सरासरीची आहे. अर्धा तास ७० वाजलं आणि उरलेला दिवस शांत गेला तर सरासरी मर्यादेत बसते, आणि बाळ मात्र त्या अर्ध्या तासात उठलेलं असतं. खासगी जागेतल्या ध्वनिसाधनांसाठी वेगळा नियम आहे. त्यांचा आवाज जागेच्या सीमेवर त्या भागाच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून वर जाता कामा नये. सीमा म्हणजे कंपाउंडची भिंत धरली, तर हा नियम शेजारच्या सोसायटीला उपयोगी पडतो. गार्डन आणि बेडरूम दोन्ही एकाच कंपाउंडात असलेल्याला त्याचा आधार मिळत नाही. ही पोकळी सोसायटीच्या स्वतःच्या ठरावानेच भरता येते. म्हणूनच सेक्रेटरींनी वेळा जाहीर केल्या नाहीत, मांडल्या. सेक्रेटरी कमिटीच्या आणि सभेच्या निर्णयांची अंमलबजावणी करतो. सूचना फलकावर स्वतःच्या सहीने लावलेल्या वेळा आणि दंड सभेत एकाही सदस्याने आव्हान दिलं तर टिकत नाहीत. दंड लावायचाच असेल तर तो उपविधीत बसला पाहिजे, सभेने मंजूर केला पाहिजे आणि त्या सदस्याचं म्हणणं आधी ऐकून घेतलं पाहिजे. आमच्या ठरावात दंड ठेवलेला नाही.

मुलांना दिलेला सहा ते साडेसातचा वेळ काहींना सवलत वाटला. माझ्या मते त्या भाषणातला तो सगळ्यात विचारपूर्वक भाग होता. नुसत्या मनाईच्या वेळा लावल्या की उरलेल्या प्रत्येक वेळी भांडण होतं, कारण 'आत्ता चालतं की नाही' हे कुणालाच ठाऊक नसतं. हक्काची वेळ दिली की दोन्ही बाजूंना आधीच कळतं. रात्रपाळीवाला झोपेचं गणित त्याप्रमाणे बसवू शकतो, बारावीची मुलगी त्या वेळात क्लासला जाते. वाढदिवसाचा कार्यक्रम असेल तर दोन दिवस आधी तिन्ही विंगच्या फलकांवर वेळ लिहायची, हेही नंतर सभेत त्याच विचारातून आलं.

सभेत ठराव झाला तेव्हा एक बदल झाला. दुपारची वेळ दोन ते चारऐवजी एक ते चार झाली, कारण लहान मुलं शाळेतून येऊन त्या सुमारास झोपतात असं दोन आयांनी सांगितलं. साडेनऊनंतर स्पीकर चालू दिसला तर वॉचमन खाली बसलेल्यांना वेळ सांगतो, एवढंच त्याचं काम. त्याने कुणाचा स्पीकर उचलायचा नाही, वादात पडायचं नाही. त्यानंतरही चालू राहिला तर कमिटीतला ज्याची त्या आठवड्याची पाळी असेल तो खाली येतो. दहानंतर मात्र कुणीही सदस्य थेट ११२ला फोन करू शकतो आणि त्यासाठी कमिटीची परवानगी लागत नाही, हे वाक्य ठरावात मुद्दाम लिहून घेतलं आहे.